भिवराबाईचं न्हवं

तहसीलदार साहेबांना मराठी शिकवायचं काम माझ्या गळ्यात कुणी घातलं ते मला कधीच कळलं नाही. केजच्या सरकारी मदरशात मी मराठीचा पंतोजी. उन्हाळ्यात शाळा सकाळची असते, म्हणजे दुपार मोकळी असते, म्हणजे हा माणूस रिकामा आहे, असा हिशेब कचेरीतल्या कुणीतरी केला असावा. निजाम सरकारचा हुकूम असा की ज्या जिल्ह्यात काम करायचं त्या जिल्ह्याच्या भाषेची परीक्षा द्यायची, नाहीतर बढती नाही. तहव्वर अली साहेब मूळचे बदायूंकडचे. पार दिल्लीकडचा माणूस, बीड जिल्ह्यात येऊन पडलेला, परीक्षेत आपटलेला, आणि आपटल्याचं खापर मराठी भाषेवर फोडणारा. त्यांचा राग रोज दुपारी माझ्या वाट्याला यायचा.

माणूस वाईट नव्हता. लाच खात नसे, शिवी देत नसे, आणि खोटं बोलणाऱ्याकडे तो असं दुःखानं बघे की मलाच लाज वाटे. पण नकारापाशी आला की त्याची गाडी रुतायची. उर्दूत एक नहीं असलं की भागतं, अडवायचा हुकूम द्यायचा तर तेवढं ‘मत जाओ’मधलं मत. आमच्याकडे नाही, नको आणि नव्हे. साहेबांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं की एका नकारासाठी तुम्ही तीन नोकर कशाला पोसता.

मी त्यांना समजावून थकलो. काय आहे, काय घडतं, काय घडलं याची खबर द्यायची असेल तर नाही. घरात मीठ नाही, पाऊस आला नाही, शिपाई ऐकत नाही. कुणाला अडवायचं असेल किंवा पुढं केलेलं परत सारायचं असेल तर नको. जाऊ नको, मला भाकर नको, आणि मान द्यायचा असेल तर जाऊ नका. आणि कुणी म्हणत असेल की हा तोच, आणि ते खोडून काढायचं असेल, तर नव्हे. हा घोडा नव्हे, खेचर आहे. बोलताना लोक तिथंही नाही म्हणून जातात आणि कुणाचं काही अडत नाही, पण ठासून खोडायचं असलं की जीभ आपसूक नव्हेकडे वळते.

साहेब मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी शिपायाला म्हणायचे, दार बंद करू नाही. शिपाई म्हाळू दार धरून उभा राहायचा. बंद करावं की उघडं ठेवावं, हे तो माझ्या तोंडाकडे बघून ठरवायचा. एकदा साहेब दौऱ्यावर नांदूरघाटला गेले. तिथल्या यजमानांनी दूध दिलं. एक पेला पिऊन झाल्यावर साहेब अदबीनं म्हणाले, मला दूध नाही. यजमानांना वाटलं, साहेबांची तक्रार आहे की आपल्याला दूध मिळालं नाही. त्यांनी पेला पुन्हा भरला. साहेब पुन्हा म्हणाले, मला दूध नाही. परतले तेव्हा घोड्यावर नीट बसवेना. त्या दिवसापासून नको मात्र त्यांना पक्कं आलं.

नव्हता या शब्दानं तर उच्छाद मांडला. काल तो घरी नव्हता, हे वाक्य ऐकून ते उसळले. हा तर नव्हेचा भाऊ दिसतो, मग हा नाहीचं काम का करतो? मी म्हटलं, दिसतो नव्हेसारखा, पण नाहीची कालची गोष्ट सांगायची तर नव्हताच म्हणतात. का, असं विचारू नका. साहेबांनी वहीत लिहून घेतलं, विचारू नका, आणि म्हणाले की हे मात्र समजलं.

अशी आमची चैत्रातली दुपार जायची. उकाडा, माश्या, आणि तीन नकार. मला खरंच कंटाळा आला होता. माझं वय झालेलं, डोळे दुखतात, घरी जाऊन भिंतीला पाठ टेकावी एवढीच इच्छा उरलेली. पण साहेब आता कचेरीतसुद्धा मला शेजारी बसवून घेऊ लागले होते. जबानी मराठीत व्हायची, पेशकार ती उर्दूत लिहायचा, आणि लिहिलेलं मी पुन्हा मराठीत सांगायचो. बाई किंवा बुवा हो म्हणाला की अंगठा. नव्या पद्धतीत फरक इतकाच की प्रश्न आता साहेब स्वतः मराठीत विचारणार होते. दुभाषा मध्ये नको, असं त्यांनी ठणकावून सांगितलं होतं. आणि नको बरोबर वापरलं होतं.

त्यातच नांदूरघाटाकडच्या एका खेड्याच्या पाटीलकीची विरासत, म्हणजे वारसाची चौकशी, निघाली. तिथले पाटील आश्रुबा वारले होते. आता पाटीलकी कुणाची? आश्रुबाचा भाऊ बिभीषण म्हणत होता, माझी, कारण भावाला पोरबाळ नाही. आणि उकिरडा नावाचा एक तरणा गडी म्हणत होता, माझी, मी त्यांचा मुलगा.

बिभीषण दिसायला सभ्य माणूस. धोतर स्वच्छ, बोलणं मऊ. त्यानं एकही खोटा साक्षीदार आणला नाही. तो फक्त म्हणाला, सरकार, माझ्या वहिनीला विचारा. तिच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? ती म्हणाली हा माझा, तर मी आत्ता घरी जातो. गावच्या दोन म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं की उकिरडा आश्रुबाचाच, पण बाळंतपणाच्या खोलीत काही ते नव्हते. सुईण प्लेगात गेलेली. ज्या शेजारणीनं पोर वाढवायला मदत केली ती छबुबाईही गेलेली. आणि बिभीषणाचं म्हणणं असं की पोर त्या छबुबाईचंच, माझ्या भावानं दया येऊन पोसलं.

म्हणून भिवराबाईला बोलावलं.

ती आली तेव्हा पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. सुकलेली, काळीसावळी बाई, पायांना भेगा पडलेल्या. गावापासून चालत आली होती. उकिरडा तिच्याबरोबर आला होता, पण दहा पावलं मागं. कचेरीतही ती एका भिंतीला आणि तो दुसऱ्या भिंतीला. धिप्पाड गडी, नाकात लहानपणी टोचल्याची खूण. त्याच्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. मी ते बघितलं आणि माझ्या मनात काहीतरी टोचलं, पण उकाडा इतका होता की मी त्याचा माग काढला नाही.

साहेबांनी घसा साफ केला. त्यांनी हा प्रश्न सकाळपासून घोकला असणार.

“बाई, हा तुमचा मुलगा आहे?”

भिवराबाईनं जमिनीकडे पाहिलं. मग स्वच्छ, न अडखळता बोलली.

“न्हवं.”

पेशकारानं टाक दौतीत बुडवला. साहेब माझ्याकडे वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की काय सांगू. ती नाही म्हणाली नव्हती, नको म्हणाली नव्हती. ती नव्हे म्हणाली होती आणि साहेबांना ते कळलं होतं. हा तो, हे खोडून काढलं. त्यांनी स्वतः पेशकाराला उर्दूत सांगितलं, लिही, हा माझा मुलगा नाही, आणि ठासून सांगते, असं लिही. बिभीषणानं हात जोडले. उकिरडा भिंतीला टेकला आणि खाली बसला.

पेशकारानं कागद माझ्याकडे सरकवला. आता मी वाचायचं, तिनं हो म्हणायचं, अंगठा उठवायचा आणि पाटीलकी बिभीषणाच्या घरात जायची. मी कागद हातात घेतला आणि तेव्हा मघाशी जे टोचलं होतं ते एकदम उमगलं. नाव उकिरडा. नाकाला भोक. मागं चालणारा मुलगा, आणि त्याच्याकडे न बघणारी आई.

मी म्हटलं, साहेब, दुपारच्या, जोहरच्या नमाजाची वेळ झाली. खरं तर थोडी व्हायची होती. साहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, उठले.

कचेरीच्या मागं पाण्याचा रांजण होता. भिवराबाई तिथं सावलीला बसली होती. मी थोडा दूर बसलो आणि विचारलं की आधीची किती गेली. तिला आश्चर्य वाटलं नाही. चार, म्हणाली. एक दुधावरचं, दोन रांगती, एक तर चालायला लागलेलं. पाचव्याच्या वेळेला सासूनं सटवाईला शब्द दिला. पोर जन्मलं तसं पहाटे नेऊन उकिरड्यावर ठेवलं. छबुबाई आधीच सांगून ठेवल्याप्रमाणं तिकडून आली, तिनं उचललं. मग भिवराबाईनं ते तिच्याकडून सूपभर कोंड्याला विकत घेतलं आणि मुलीसारखं त्याचं नाक टोचलं. टाकलेलं, विकत आणलेलं, कुणाचंतरी पोर. यावर कुणाची नजर पडायचं कारण नाही, आणि सटवाईनंही न्यायचं कारण नाही. अट एकच. आईनं त्याला जन्मात माझा म्हणायचं नाही.

असली पोरं प्रत्येक गावात असतात. दगडू, कोंड्या, भिक्या. थोडी मोठी झाली की आया विसरतात आणि माझा राजा म्हणून पोटाशी धरतात. भिवराबाई विसरली नव्हती. घरात नाही, शेतात नाही, तापात नाही. कुणी विचारलं, पोरगा तुझा का, की उत्तर ठरलेलं. न्हवं. तिच्या जिभेला दुसरा शब्द राहिलाच नव्हता.

मी तिला पाटीलकीचं सांगितलं. आता तू हो म्हणाली नाहीस तर तुझ्या मुलाला घरातून निघावं लागेल, बिभीषण त्याला वाड्याच्या ओट्यावरही बसू देणार नाही. तिला ते सगळं माहीत होतं. मान हलवून ऐकत होती. मग म्हणाली, “पाटीलकी गेली तर त्यो मजुरी करंल. पन मी त्ये म्हनले आन त्यो गेला तर म्या काय करू?”

शिकलेला माणूस म्हणून चार गोष्टी सांगता आल्या असत्या. चार लेकरं पुरलेल्या बाईला मी त्या सांगणार नव्हतो.

उकिरडा कचेरीच्या पुढच्या बाजूला उभा होता. त्याला वाटलं होतं मी बिभीषणाचा माणूस आहे. तसा नाही हे कळल्यावर त्यानं मनातलं ओकून टाकलं. लहानपणी त्याला खरंच वाटायचं की आपण छबुबाईचे. पोरं चिडवायची, उकिरड्यावरचा. एकदा त्यानं आईला आई म्हटलं तर तिनं तोंडावर हात दाबला होता. तो तिला वैनी म्हणायचा, इतर सगळे म्हणायचे तसं. बाप तेवढा माझा म्हणायचा, तो गेला.

“म्या पाटीलकीसाटी न्हाई आलो पंतोजी,” तो म्हणाला. “म्हंजी आलो, पन निस्तं त्येच्यासाटी न्हाई. मला वाटलं, सरकारम्होरं तरी ती म्हनंल. येक डाव म्हनाया काय जातंय तिचं?”

काय जातंय ते मी त्याला सांगितलं नाही. त्यालाही ते ठाऊक होतंच. पण ठाऊक असणं आणि तेवढ्यावर मन भागणं यात फरक असतो. मला त्या दोघांचाही राग आला आणि दोघांचीही दया आली, आणि सगळ्यात जास्त मला दमल्यासारखं झालं.

साहेब नमाज आटोपून ओटीवर आले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. सटवाई, उकिरडा, कोंडा, सगळं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग उर्दूत म्हणाले की त्यांच्या स्वतःच्या आजीनं एका भावाचं नाव घसीटा ठेवलं होतं आणि त्याला केराच्या टोपलीत घालून घरभर ओढलं होतं. तेव्हा ही गोष्ट त्यांना नवी नाही. पण मिसल, म्हणजे या प्रकरणाचे कागद, वर जिल्ह्याच्या तालुकदारांकडे जाणार. तिथं उकाडा नाही, ही बाई नाही आणि पंतोजीही नाही. तिथं फक्त कागद असतो. कागदावर बाईचं बोलणं पाहिजे, बाईच्या बोलण्यावर पंतोजीची टीका नको. तुम्ही सांगितलेलं मी लिहिलं तर बिभीषण म्हणेल की पंतोजी मिळालेला आहे.

मग मला थोडं खवचटपणे म्हणाले, “तुम्हीच शिकवलं. नव्हे म्हणजे नव्हे.”

ती बोलली होती ते व्याकरणाला धरूनच होतं, आणि साहेबांना कळलं होतं तेही बरोबरच. सगळं बरोबर असून सगळं चुकलेलं होतं, आणि त्यात माझी कसलीच विद्या कामाला येत नव्हती. मी म्हटलं, तिला सांगून बघितलं, ती म्हणणार नाही. साहेब म्हणाले, तर मग तिला म्हणायला लावायचं नाही. मी त्यांचा अर्थ विचारला. त्यांनी हात झटकला. आता बोलवा, म्हणाले.

पुन्हा सगळे आत जमले. बिभीषण पुढं बसला. साहेबांनी मघाचा कागद बाजूला ठेवला आणि सांगितलं की जबानी अजून संपली नाही.

सुरुवात साधीच केली. तुमचं लग्न आश्रुबांशी झालं? व्हय. किती वेळा बाळंत झालात? पाच डाव, म्हणाली. बिभीषण जरा सावरून बसला. चार मेली? मेली. पाचवं मेलं?

“न्हाई,” ती म्हणाली. “त्ये न्हाई मेलं.”

हे बोलताना तिनं पटकन डावा हात भिंतीला लावला, जणू कुणाची येणारी नजर थोपवते आहे. साहेबांनी पेशकाराला लिहू दिलं. मग विचारलं, ते मूल कुठं गेलं? ती म्हणाली, उकिरड्यावर ठेवलं. कुणी उचललं? छबुबाईनं. मग? मग इकत घेतलं. बिभीषण तिथं मऊ आवाजात म्हणाला की सरकार, विकत घेतलं म्हणजे दुसऱ्याचं होतं, हे आपोआपच आलं. साहेबांनी त्याला थांबायला सांगितलं नाही. नुसतं पाहिलं.

मला वाटलं आता ते विचारतील, तेच मूल म्हणजे हा ना. आणि ती तिथंच अडेल, कारण त्या प्रश्नाच्या पुढच्याच पायरीवर ‘माझा’ हा शब्द आहे हे तिला दिसत होतं. तिचे ओठ मिटलेले होते.

साहेबांनी आपलं पागोटं नीट केलं. त्यांचं मराठी असं होतं की प्रत्येक शब्द वेगळा उचलून ठेवायचे.

“बाई. हा मुलगा छबुबाईचा आहे?”

भिवराबाईनं पहिल्यांदा मान वर केली.

“न्हवं. तिचा न्हवं. तिनं निस्ता उचलला.”

“दुसऱ्या कोणत्या बाईनं याला जन्म दिला?”

“न्हाई. दुसऱ्या कुनी न्हाई दिला.”

“मग हा दुसऱ्या कोणाचा आहे?”

तिनं साहेबांकडे बघितलं. समोरचा माणूस आपल्याला कुठं नेतो आहे हे तिच्या लक्षात आलं, आणि तिथं जायला तिचा शब्द आड येत नाही हेही. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. उकिरडा भिंतीपासून सरळ झाला होता.

“न्हवं,” ती म्हणाली. आवाज फाटला होता. “दुसऱ्या कुनाचा न्हवं. जगात दुसऱ्या कुनाचाच न्हवं त्यो.”

जो शब्द ती त्याच्या जन्मापासून त्याला दूर सारायला वापरत आली होती, त्याच शब्दानं तिनं साऱ्या जगाला दूर सारलं. मला हुंदका आला आणि मी तो खोकल्यात घातला. उकिरड्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. एवढा धिप्पाड गडी, त्याचे खांदे हलत होते.

बिभीषण उठला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजातला मऊपणा गेला. म्हणाला की ही आडवळणाची उत्तरं झाली, सरळ विचारा, तुझा आहे का. मघाशी विचारलं तेव्हा नाही म्हणाली. साहेब तिच्याकडे वळले. त्यांना विचारणं भाग होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि विचारायचं नव्हतं हेही दिसत होतं.

“बाई, तर मग हा...”

“त्ये नका इचारू,” भिवराबाई म्हणाली. हात जोडले नाहीत, रडली नाही. थकल्या माणसानं ओझं पुढं न्यायला नकार द्यावा तसं म्हणाली. “सायेब, तुमी शाने हाव. तेवढं येक नका इचारू.”

साहेबांनी पेशकाराकडे पाहिलं. मग उर्दूत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की साक्षीदारानं पाच मुलांना जन्म दिला, चार वारली, पाचवं वारलं नाही. हा इसम छबुबाईचा नाही, दुसऱ्या कुणाचा नाही, आणि दुसऱ्या कुणी त्याला जन्म दिलेला नाही. मघाचं एका शब्दाचं उत्तर नवसामुळं दिलं गेलं. याहून अधिक विचारण्याची कचेरीला गरज वाटत नाही. बिभीषणाला ते म्हणाले की तालुकदार साहेबांना वजाबाकी येते. त्यानं अपील करावं, त्याला हक्क आहे.

पेशकारानं लिहिलं. उर्दूत सगळीकडे नुसतं नहीं पडलं. तिचं न्हवं, तिचं न्हाई, दोन्ही त्यात एकसारखीच दिसत होती. फक्त नका इचारू तेवढं कागदावर आलं नाही, आणि ते तसंच असायला हवं होतं.

मग कागद माझ्याकडे आला. वाचून दाखवायचं काम माझं. माझे डोळे पाझरत होते, अक्षरं डोलत होती. मी एक एक वाक्य उर्दूतून उचललं आणि तिच्यासाठी पुन्हा मराठी केलं. जिथं जे होतं तिथं ते ठेवलं. पाचवं मेलं नाही. हा छबुबाईचा नव्हे. दुसऱ्या कुणी जन्म दिला नाही. हा दुसऱ्या कुणाचा नव्हे. प्रत्येक वाक्याला ती व्हय म्हणाली. शेवटच्या वाक्याला जरा उशीर केला, मग म्हणाली, व्हय, त्येच. अंगठ्याला शाई लावताना तिचा हात थंड होता, त्या उकाड्यात.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. शिष्य परीक्षेत पास झाला होता आणि त्याला शाबासकी नको होती. मला थोडं वाईट वाटलं की हे मला का सुचलं नाही. पण खरं सांगायचं तर वाईट वाटायलाही जोर लागतो, आणि तो माझ्यात उरला नव्हता.

मी बाहेर आलो तेव्हा ऊन कलत होतं. भिवराबाई पायरीवर बसली होती. उकिरडा फाटकापाशी गेला होता, घरची वाट धरण्याआधी तिची वाट बघत. आता तो दहा पावलं मागं नव्हता, पुढं होता, आणि मागं वळून वळून बघत होता. तोंड पुसलं होतं पण डोळे लाल होते. तो हसत होता. एवढ्या मोठ्या माणसाला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

ती त्याच्याकडे बघत नव्हती. मी जवळून जाऊ लागलो तशी तिनं माझ्या धोतराचा सोगा हळूच धरला. पदराआडून, कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं.

“पंतोजी, म्या आत त्याला माझा म्हनले न्हाई न्हवं?”

फाटकापाशी तो उभा होता, धडधाकट, उन्हात, आणि ती त्याच्याकडे बघायलाही भीत होती.

मी तिथंच खाली बसलो, तिच्या पायरीवर. “नाही, बाई,” म्हटलं, “तुम्ही म्हणाला नाहीत.”